शिफ्टचा एक आकडा आणि त्याच्या पोटातली मिनिटं

सुट्या भागांच्या कारखान्यात शिफ्ट संपली की सुपरवायझर एक शीट भरतो. मशीन किती वेळ थांबलं, किती नग निघाले आणि त्यातले किती चांगले, एवढं त्यात लिहिलं जातं, आणि शेवटच्या रकान्यात एक टक्केवारी उमटते. हीच ओईई, म्हणजे ओव्हरऑल इक्विपमेंट इफेक्टिव्हनेस. दुसऱ्या दिवशी सकाळच्या मीटिंगमध्ये याच टक्केवारीवरून प्रश्न विचारले जातात. पण तो आकडा कशातून बनतो, कशाने बदलतो आणि कशाने अजिबात बदलत नाही, हे शीट भरणाऱ्याला सहसा कोणी समजावून सांगत नाही. एका शिफ्टचा हिशोब सावकाश मांडला की ते सगळं दिसतं.

समजा भोसरीतल्या एखाद्या कारखान्यात गिअरबॉक्सच्या छोट्या शाफ्टची लाइन आहे. पहिल्या सीएनसीवर एका बाजूचं टर्निंग होतं, त्याला ४० सेकंद लागतात. दुसऱ्या सीएनसीवर उरलेल्या बाजूचं टर्निंग होतं, त्याला ५५ सेकंद. मग ड्रिलिंग, ३० सेकंद, आणि शेवटी तपासणी. या लाइनचा वेग दुसरी सीएनसी ठरवते. पहिली कितीही पळाली तरी माल दुसरीच्या दारात साचणार आणि ड्रिलिंगवाला वाट बघत बसणार. म्हणून लाइनची ओईई काढायची ती या सगळ्यात हळू मशीनवर, म्हणजे बॉटलनेकवर. तिन्ही मशीनच्या ओईईची सरासरी काढली किंवा त्यांचा गुणाकार केला, तर मिळणाऱ्या आकड्याला काहीही अर्थ राहत नाही.

आता पहिली शिफ्ट घेऊ. ८ तास म्हणजे ४८० मिनिटं. जेवणाची ३० आणि चहाची १० वजा केली की ४४० उरतात. हा ठरलेला उत्पादनाचा वेळ. या वेळात दुसरी सीएनसी तीनदा थांबली. सुरुवातीला नवीन पार्ट लावायचा होता, त्याच्या सेटिंगला ३५ मिनिटं गेली. मधे इन्सर्ट तुटलं, नवीन आणून ऑफसेट लावेपर्यंत १४ मिनिटं. दुपारी कॉम्प्रेसरची हवा कमी पडली, १७ मिनिटं. एकूण ६६. म्हणजे मशीन चालू होतं ३७४ मिनिटं, आणि ३७४ भागिले ४४० म्हणजे ८५ टक्के. ही अव्हेलेबिलिटी. चालायला हवं होतं त्यातला किती वेळ मशीन प्रत्यक्षात चालू होतं, एवढंच ती सांगते.

पुढचा प्रश्न वेगाचा. चालू असलेल्या ३७४ मिनिटांत ५५ सेकंदाला एक या हिशोबाने ४०८ नग व्हायला हवे होते. प्रत्यक्षात या मशीनवरून उतरले ३५७. ३५७ भागिले ४०८ म्हणजे ८७.५ टक्के. हा परफॉर्मन्स.

तिसरा प्रश्न दर्जाचा. ३५७ पैकी ५ नग भंगारात गेले, ९ नगांवर रिवर्क करावं लागलं, आणि पहिल्याच वेळी पास झाले ३४३. म्हणजे ९६.१ टक्के. रिवर्क होऊन पुढे गेलेले ९ नग ग्राहकाला चालले तरी इथे ते चांगल्यात धरायचे नाहीत, कारण मशीनने ते पहिल्या फेरीत बरोबर बनवले नव्हते. एक बारीक गोष्ट इथे बहुतेक शीटमध्ये सुटते. ड्रिलिंगला बिघडलेला नगसुद्धा या ३५७ मधूनच वजा झाला पाहिजे, कारण बॉटलनेकची ५५ सेकंदं तो आधीच खाऊन बसलेला असतो. पहिल्या सीएनसीवरच बाद झालेला नग मात्र या हिशोबात येत नाही, कारण तो बॉटलनेकपर्यंत पोचलाच नाही. त्याचं नुकसान मटेरियलच्या खात्यात दिसेल.

तिन्हींचा गुणाकार: ०.८५ गुणिले ०.८७५ गुणिले ०.९६१. उत्तर ७१.५ टक्के.

आता हाच आकडा दुसऱ्या वाटेने काढू. ३४३ चांगले नग, प्रत्येकी ५५ सेकंद, म्हणजे १८,८६५ सेकंद. ठरलेला वेळ ४४० मिनिटं म्हणजे २६,४०० सेकंद. भागाकार केला की पुन्हा ७१.५ टक्केच. हा योगायोग नाही. गुणाकारात चालू वेळ एकदा वर येतो आणि एकदा खाली, एकूण नगांचंही तसंच होतं, आणि दोन्ही कटून जातात. उरतात फक्त तीन गोष्टी: चांगले नग, आयडियल सायकल टाइम म्हणजे एका नगाला लागायला हवीत ती ५५ सेकंदं, आणि ठरलेला वेळ. ओईई म्हणजे चांगला माल बनवायला कमीत कमी जेवढा वेळ लागायला हवा होता, त्याचं हातात असलेल्या वेळाशी प्रमाण.

ही गोष्ट नीट कळली की शीटवरचे निम्मे वाद मिटतात. समजा ऑपरेटरने ६६ पैकी २२ मिनिटांचा थांबा लिहिलाच नाही. अव्हेलेबिलिटी ८५ वरून ९० टक्क्यांवर जाईल. पण आता मशीन ३९६ मिनिटं चालू होतं असं दिसेल, त्यात ४३२ नग व्हायला हवे होते, आणि झाले तेच ३५७. परफॉर्मन्स ८७.५ वरून ८२.६ वर उतरेल. शेवटचा आकडा जागचा हलणार नाही, तो ७१.५ च राहील. न लिहिलेला थांबा एका रकान्यातून निघतो आणि दुसऱ्यात जाऊन बसतो. त्यामुळे थांबे लपवल्याबद्दल ऑपरेटरला झापून एकूण आकड्यात काही फरक पडत नाही. नुकसान होतं ते निदानाचं. मेंटेनन्सवाल्याला वाटतं मशीन छान चाललं, आणि प्रॉडक्शनवाला उगाच ऑपरेटरच्या हाताच्या वेगाला दोष देत बसतो. जिथे अव्हेलेबिलिटी ९५ च्या वर आणि परफॉर्मन्स सत्तरीत असं जोडपं रोज दिसतं, तिथे बहुतेक वेळा थांब्यांची नोंद होत नसते. थांब्यांच्या सगळ्याच वेळा ५ च्या पटीत असल्या, तर त्या शिफ्टच्या शेवटी आठवून लिहिल्या आहेत असं समजावं.

एकूण नगांचा आकडा कटून जातो, चालू वेळ कटून जातो. मग फसगत होते कुठे? राहिलेल्या दोन आकड्यांत, आयडियल सायकल टाइम आणि ठरलेला वेळ. चांगले नग खोटे लिहिणं अवघड असतं, कारण पुढे स्टोअरमध्ये मोजणी होते. पण हे दोन आकडे कारखान्यातलीच माणसं ठरवतात, आणि एकदा शीटमध्ये बसले की वर्षानुवर्षं कोणी त्यांच्याकडे पाहत नाही.

सायकल टाइमचं बघू. आपल्या शाफ्टला ५५ ऐवजी ‘सरासरी इतका लागतोच’ म्हणून ६५ सेकंद लिहिले, तर त्याच शिफ्टचा परफॉर्मन्स १०३.४ टक्के येतो आणि ओईई ८४.५ होते. एकही नग वाढलेला नाही. १०० च्या वर गेलेला परफॉर्मन्स म्हणजे बहुतेक वेळा सैल सायकल टाइमची खूण. क्वचित नग चुकीचे मोजलेले असतात किंवा थांबा जास्त लिहिलेला असतो. काही शीटमध्ये या ठिकाणी `MIN` लावून आकडा १०० वर अडवलेला असतो. ते करू नये. त्याने चूक दुरुस्त होत नाही, फक्त ती दिसायची बंद होते. सायकल टाइम ठरवायचा तो मंजूर प्रोग्राम, पूर्ण फीड, नवीन इन्सर्ट आणि सराव असलेला ऑपरेटर घेऊन, लोडिंग-अनलोडिंग धरून, स्टॉपवॉचवर मोजून. लाइनवर आजवर जी सगळ्यात चांगली आणि टिकणारी गती मिळाली, ती. इतिहासातली सरासरी घेतली की जुना सगळा संथपणा त्या आकड्यात मुरतो आणि कायमचा माफ होतो.

ठरलेल्या वेळाचं प्रकरण आणखी नाजूक आहे, कारण तिथे प्रामाणिक मतभेद असतात. जेवण, चहा, ऑर्डरच नाही म्हणून बंद ठेवलेली लाइन, आधीच ठरवलेलं मेंटेनन्स, हे वजा करायला फारशी हरकत नसते. खरा वाद सेटिंगवर होतो. ‘पार्ट बदलायचा हे प्लॅनमध्येच होतं, मग तो तोटा कसा?’ असं विचारलं जातं. आपल्या शिफ्टमधली सेटिंगची ३५ मिनिटं ठरलेल्या वेळातूनच काढून टाकली, तर ४४० चे ४०५ होतात आणि ओईई ७१.५ वरून ७७.६ वर उडी मारते. माझं मत स्पष्ट आहे: सेटिंग वजा करू नये. त्या ३५ मिनिटांत लाइनने एकही नग दिला नाही, आणि तो वेळ कमी करता येतो. जबडे, टूल होल्डर, गेज आधीच ट्रॉलीवर मांडून ठेवले, टूलचे ऑफसेट आधी काढून ठेवले, तर ३५ मिनिटांचं काम निम्म्यात बसू शकतं. पण जो वेळ शीटमध्ये तोटा म्हणून दिसतच नाही, तो वाचवायला कोण बसणार? नियम कोणताही ठरवा, पण तो एकदा लिहून ठेवा आणि महिन्याच्या मध्यावर बदलू नका. बदलावाच लागला, तर मागचे महिने नव्या नियमाने पुन्हा काढा.

शीट स्वतः अगदी साधी असते. एका ओळीत एक शिफ्ट आणि एक पार्ट. `D` मध्ये शिफ्टची मिनिटं, `E` मध्ये ठरलेली विश्रांती, `F` मध्ये थांबलेली मिनिटं, `G` मध्ये सायकल टाइम सेकंदांत, `H` मध्ये एकूण नग, `I` मध्ये पहिल्या वेळी पास झालेले नग. बाकीचं सूत्रं करतात:

```
J2: =D2-E2
K2: =J2-F2
L2: =IF(K2>0, K2/J2, 0)
M2: =IF(K2>0, H2*G2/60/K2, 0)
N2: =IF(H2>0, I2/H2, 0)
O2: =L2*M2*N2
P2: =I2*G2/60/J2
```

`O` आणि `P` नेहमी सारखे यायला हवेत. नाही आले तर कुठेतरी सूत्र बिघडलंय. आणि शिफ्टभर मशीन बंदच राहिलं, तर शून्याने भागायची वेळ येऊन शीट चुकीची खूण दाखवते, आणि ती नको म्हणून लोक अख्खी ओळच पुसून टाकतात. वरच्या `IF` मुळे तिथे शून्य येतं. तेच खरं आहे, आणि ती ओळ शीटमध्ये राहिलीच पाहिजे.

पण ७१.५ टक्के ऐकून माणूस काय करणार? टक्क्यांवरून हातात पाना घ्यायचा की पास न झालेले नग शोधायचे, हे कळत नाही. म्हणून माझा आग्रह असतो की तोटा पुन्हा मिनिटांत मांडावा. आपल्या ४४० मिनिटांपैकी ३१४ मिनिटं चांगला माल झाला. ६६ मिनिटं थांब्यांत गेली. कमी पडलेले ५१ नग गुणिले ५५ सेकंद म्हणजे ४७ मिनिटं वेगात गेली. बाद आणि रिवर्कचे १४ नग गुणिले ५५ म्हणजे १३ मिनिटं दर्जात गेली. बेरीज ४४०. आता चित्र बदलतं. थांब्यांची ६६ मिनिटं सगळ्यांना माहीत आहेत, त्यावर आरडाओरडा झालेला आहे. पण वेगातली ४७ मिनिटं कुठल्याच नोंदीत नाहीत. ती कोणी लिहिलेली नाहीत, हिशोबातून उरली म्हणून दिसली.

ती शोधायला मशीनपाशी उभं राहावं लागतं. स्टॉपवॉच घेऊन सलग ३० नग मोजायचे, आणि प्रत्येक नगाची वेळ वेगळी लिहायची, सरासरी नव्हे. समजा बहुतेक नग ५५ ऐवजी ५९ सेकंदांत येताना दिसले. कारण शोधताना कळतं की मागे एकदा इन्सर्ट तुटल्यापासून ऑपरेटरने फीड ओव्हरराइडचं बटण ९० वर आणून ठेवलंय. ५५ पैकी ३६ सेकंद कटिंगची होती, ती ४० झाली. नगामागे ४ सेकंद, ३५७ नगांना जवळजवळ २४ मिनिटं. आणि साधारण दर दहाव्या नगाला वेळ एकदम ९५ च्या पुढे गेलेली दिसते, कारण लांब चिप जॉबभोवती गुंडाळली जाते आणि ती हुकने ओढून काढायला ४० सेकंद जातात. शिफ्टमध्ये असं ३५ वेळा झालं तर आणखी २३ मिनिटं. सत्तेचाळीस मिनिटांचा हिशोब लागला.

चाळीस सेकंदांचा थांबा कोणीही नोंदवहीत लिहिणार नाही, आणि लिहायला लावूही नये. ३५ वेळा लिहायचं म्हटलं तर लिहिण्यातच आणखी वेळ जाईल. म्हणूनच बऱ्याच ठिकाणी ५ मिनिटांखालचे थांबे न लिहिता परफॉर्मन्सवर सोडून देतात, आणि ते योग्यच आहे. फक्त ती मर्यादा सगळ्या शिफ्टना एकच हवी. उपायही आता वेगवेगळे दिसतात. फीड कमी केलं ते ऑपरेटरच्या आळसाने नव्हे, इन्सर्ट पुन्हा तुटेल या भीतीने. तेव्हा ते का तुटलं हे शोधलं पाहिजे. ग्रेड चुकीची होती की मालात कडकपणा जास्त होता? आणि चिपसाठी दुसऱ्या चिप-ब्रेकरचं इन्सर्ट किंवा कूलंटची दिशा बघायला हवी. कदाचित दोन्हींचं मूळ एकच निघेल.

दिवसाचा आकडा काढताना एक चूक हमखास होते. पहिल्या शिफ्टची ७१.५. दुसऱ्या शिफ्टमध्ये ४४० मिनिटांत ३६० चांगले नग झाले, म्हणजे ७५ टक्के. तिसरी शिफ्ट ऑर्डरपुरती १५० मिनिटंच चालवली आणि तेवढ्यात ५४ नग निघाले, ३३ टक्के. तिघांची सरासरी येते ५९.८. पण अडीच तासांच्या शिफ्टला सात तास वीस मिनिटांच्या शिफ्टएवढं वजन कसं देणार? तिन्ही शिफ्टच्या चांगल्या नगांची आदर्श मिनिटं एकत्र करा आणि एकूण ठरलेल्या मिनिटांनी भागा:

```
=SUMPRODUCT(I2:I4, G2:G4)/60/SUM(J2:J4)
```

उत्तर ६७.४ टक्के. या सूत्राचा आणखी एक फायदा आहे. एका शिफ्टमध्ये दोन-तीन वेगळे पार्ट चालले आणि त्यांचे सायकल टाइम वेगळे असले, तरी ते तसंच चालतं, कारण प्रत्येक नग त्याच्या स्वतःच्या सेकंदांनी मोजला जातो. पार्टनिहाय ओळी करताना ठरलेली मिनिटं मात्र त्या ओळींत वाटून घ्यायची, प्रत्येक ओळीत पुन्हा ४४० लिहायची नाहीत. तपासणीचंही असंच. दुसऱ्या शिफ्टच्या इन्स्पेक्टरने पहिल्या शिफ्टचे नग बाद केले, तर ते पहिल्या शिफ्टच्या ओळीतच गेले पाहिजेत. त्यासाठी ट्रेवर शिफ्टचा टॅग लागतो, नाहीतर शेवटच्या शिफ्टच्या माथी सगळ्यांचं भंगार येतं.

मग ७१.५ चांगले की वाईट? ‘वर्ल्ड क्लास ८५’ हा आकडा कारखान्याच्या भिंतींवर हमखास लावलेला असतो. तो जपानमधून आला. १९७१ च्या सुमारास टोयोटा समूहाच्या निप्पोन्डेन्सो कारखान्यात टीपीएम, म्हणजे टोटल प्रॉडक्टिव्ह मेंटेनन्स, आकाराला आलं, आणि जपान इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट मेंटेनन्सच्या सेइइची नाकाजिमा यांनी ही पद्धत जगापुढे मांडली. अव्हेलेबिलिटी ९०, परफॉर्मन्स ९५, क्वालिटी ९९, यांचा गुणाकार ८५ च्या जवळ येतो. एकच माल हजारोंनी बनवणाऱ्या लाइनला ते लक्ष्य समजण्यासारखं आहे. दिवसातून चार सेटिंग बदलणाऱ्या जॉब शॉपला ते लावणं अन्यायाचं आहे, आणि दोन कारखान्यांच्या ओईईची तुलना तर ठरलेल्या वेळाचे नियम सारखे असल्याशिवाय करूच नये. तोच ७१ चा आकडा ९५, ९५ आणि ७९ यांच्या गुणाकारानेही येतो. त्या लाइनवर दर पाचवा नग बिघडतो आहे, आणि त्या कारखान्याचे पैसे मिनिटांपेक्षा भंगारात जास्त चालले आहेत. ओईईला रुपये कळत नाहीत. तिच्या लेखी बिघडलेला महागडा शाफ्ट आणि रेंगाळलेली ५५ सेकंदं सारखीच.

ऑर्डर आहे की नाही, हेही तिला कळत नाही. या लाइनची पहिली सीएनसी ४० सेकंदांची आहे. तिची वेगळी ओईई काढून ती वाढवायचं फर्मान निघालं, तर तिचा ऑपरेटर ते सहज करून दाखवेल, आणि आठवड्याभरात दुसऱ्या सीएनसीपुढे अर्धवट शाफ्टच्या ट्रे छताला लागतील. त्या मशीनने वाट बघत थांबणं हेच बरोबर आहे, आणि तिची टक्केवारी कमी दिसली तर ती तशीच राहू द्यावी.